शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीचं एक वर्ष

माझ्या आत्याची मुलगी गेवराई तालुक्यातली. इंजिनिअरिंग पूर्ण करून वाळूजच्या एका कंपनीत लागली. पहिला पगार हातात आला त्या रविवारी ती बजाजनगरला माझ्याकडे आली आणि कर्जखात्याचा उतारा टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, कर्ज चार लाखच घेतलं होतं. ॲपवर पाच लाख दाखवतंय. आई म्हणते, पगार झाला की सगळा बँकेत टाक आणि एकदाचं मोकळं हो. टाकू का?"

मी वाळूजलाच एका कारखान्यात पगारपत्रकाचं काम बघतो. दर जून-जुलैमध्ये बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून नवी पोरं-पोरी कामाला लागतात आणि त्यांतले बरेच जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून तिचाच हिशोब इथे पहिल्यापासून मांडतो. अभ्यासक्रम संपल्यापासून पहिला हप्ता सुरू होईपर्यंत साधारण एक वर्षाची सवलत मिळते. बँकेच्या भाषेत तो मोरॅटोरियम. पुढची दहा वर्षं किती जड जाणार हे या एका वर्षात बरंचसं ठरतं, आणि नेमकं हेच वर्ष बहुतेकांच्या हातून नुसतं निघून जातं.

आधी मंजुरीपत्र काढा

कर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेने दिलेलं पत्र बहुधा गावाकडे, वडिलांच्या ट्रंकेत किंवा कॉलेजच्या फाइलमध्ये असतं. ते शोधा. सापडत नसेल तर शाखेतून प्रत मागून घ्या. त्यात तीन गोष्टी बघायच्या: सवलतीचा काळ नेमका कोणत्या महिन्यात संपतो, व्याजाचा दर बदलता आहे की स्थिर, आणि परतफेडीची मुदत किती वर्षांची आहे.

सवलतीच्या काळाबाबत विशेष जपा. आजकाल सरकारी बँकांत अभ्यासक्रम अधिक एक वर्ष असा नियम सर्रास असतो. पण काही जुन्या पत्रांमध्ये 'नोकरी लागल्यापासून सहा महिने किंवा अभ्यासक्रमानंतर एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. असं असेल तर तुमचा हप्ता तुमच्या अंदाजाच्या कितीतरी आधी सुरू होईल.

आतेबहिणीच्या पत्रात साधा नियम होता. शेवटची परीक्षा जूनमध्ये झाली, तेव्हा पुढच्या जूनअखेरपर्यंत सवलत आणि जुलैपासून हप्ता.

त्याच वेळी व्याज अनुदानाचंही विचारून घ्या. कर्ज घेताना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला शाखेत गेलेला असावा लागतो आणि मागणी बँकेमार्फत जाते. म्हणून शाखेत सरळ विचारा, "माझ्या खात्यावर व्याज अनुदानाची मागणी पाठवली आहे का? आतापर्यंत किती जमा झालं?" अनुदान येणार असेल तर खाली सांगितलेला व्याजाचा हिशोब तुम्हाला लागूच होत नाही. तुमचं कर्ज मूळ रकमेच्या आसपासच राहील आणि हे वर्ष पूर्णपणे बचतीला मिळेल. आतेबहिणीला अनुदान मिळालं नाही. कॉलेज नॅक मानांकित असणं किंवा तो अभ्यासक्रम एनबीए मान्यताप्राप्त असणं ही अट होती आणि तिथे दोन्ही नव्हतं. प्रवेश घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

चार लाखांचे पाच लाख कसे झाले

तिला चार वर्षं दर ऑगस्टला एक-एक लाख मिळाले. हिशोब सोपा जावा म्हणून व्याज सलग १० टक्के धरतो. प्रत्यक्षात दर बदलता असतो, तो मध्ये वर-खाली होतो.

पहिल्या वर्षी घेतलेल्या लाखावर शिक्षण संपेपर्यंत ४७ महिन्यांचं व्याज चढलं, दुसऱ्यावर ३५, तिसऱ्यावर २३ आणि चौथ्यावर ११ महिन्यांचं. सगळं मिळून ९६,६६७ रुपये. ॲपवर दिसणारे पाच लाख ते हेच. पुढच्या एका वर्षात आणखी ४०,००० चढणार होते. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तिच्या नावावर ५,३६,६६७ रुपये असणार होते. दहा वर्षांच्या मुदतीत याचा हप्ता महिना ७,०९० रुपयांच्या आसपास येतो. नुसते चार लाख असते तर तो ५,२९० च्या आत बसला असता.

आता जी गोष्ट नीट समजून घ्यायची ती पुढे आहे. शिक्षण आणि सवलतीच्या काळात सरकारी बँका सहसा साधं व्याज लावतात. साठलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत नाही. मात्र हप्ता सुरू होण्याच्या दिवशी ते सगळं व्याज मुद्दलात मिसळतं आणि त्या दिवसापासून त्याच्यावरही व्याज सुरू होतं. चार लाखांवरचा मीटर पाच लाख छत्तीस हजारांवर पळू लागतो.

म्हणजे, व्याज साधं असेल आणि तुम्ही भरलेले पैसे आधी व्याजापोटी जमा होत असतील, तर ते आज भरले काय आणि पुढच्या जूनमध्ये भरले काय, फरक पडत नाही. व्याज मुद्दलात मिसळण्याआधी भरले म्हणजे झालं. मग अकरा महिने ते पैसे बँकेला देऊन हात रिकामे कशाला ठेवायचे? ते स्वतःच्या खात्यात ठेवा. मध्येच नोकरी गेली किंवा घरी दवाखाना निघाला तर तेच पैसे कामाला येतील. काहीच झालं नाही तर शेवटच्या महिन्यात ते कर्जात भरा. पैसे तेच, आणि ते वर्षभर दोन कामं करतात. म्हणून मी आतेबहिणीला सांगितलं, "आत्ता एक रुपयाही टाकू नकोस. पण महिन्याला सात हजार बाजूला काढ."

तुमचं व्याज साधं आहे की चक्रवाढ, हे उताऱ्यावरून ओळखा

हे ऐकीव माहितीवर सोडू नका. उतारा घ्या आणि ३१ दिवसांचे दोन महिने निवडा, ज्यांच्यामध्ये कॉलेजची फी गेलेली नाही आणि व्याजदरही बदललेला नाही. त्या दोन महिन्यांत लावलेलं व्याज जुळवून बघा. चार लाखांवर १० टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज ३,३९७ रुपये होतं, ३० दिवसांचं ३,२८८ आणि फेब्रुवारीचं ३,०६८. ऑक्टोबरलाही ३,३९७ आणि जानेवारीलाही ३,३९७ असेल तर व्याज साधं आहे. जानेवारीचा आकडा ऑक्टोबरपेक्षा शे-सव्वाशेने वाढलेला असेल तर व्याजावर व्याज चढतंय.

ॲपवरची एकूण बाकी बघून यातलं काही कळत नाही, कारण ती दोन्ही प्रकारांत वाढतच जाते. काही बँकांच्या उताऱ्यात व्याजाची नोंद महिन्याच्या महिन्याला येतही नाही, ते वेगळं साठवून ठेवलेलं असतं. मग शाखेत जाऊन दोन प्रश्न विचारा. सवलतीच्या काळात व्याज साधं की चक्रवाढ? आणि मी आत्ता पैसे भरले तर ते आधी व्याजात जातात की मुद्दलात?

चक्रवाढ असेल, आणि काही खाजगी वित्त कंपन्यांच्या कर्जात ते असतंच, तर वर सांगितलेली युक्ती चालत नाही. मग महिन्याचं व्याज महिन्यालाच भरायचा प्रयत्न करा आणि बचत त्यानंतर उरेल तेवढीच. काही बँका सवलतीच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. ती पूर्ण मुदतीसाठी मिळणार असेल तर तेव्हाही दरमहा भरणंच फायद्याचं.

आणि बँकेने सांगितलं की व्याज साधं आहे पण भरलेले पैसे थेट मुद्दलात जातील, तर? मग लवकर भरण्याचा थोडा फायदा आहे. महिना ७,००० प्रमाणे ११ महिने भरत गेलं तर साडेतीन-पावणेचार हजारांचं व्याज वाचेल. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आरडीत ठेवले तर अडीच हजार मिळतील. फरक हजार-तेराशेचा. वर्षभर ७७,००० रुपये आपल्या हाताशी राहणार असतील तर एवढी किंमत मी आनंदाने मोजेन. नवीन नोकरीच्या पहिल्या वर्षात प्रोबेशन असतं, खोलीचं डिपॉझिट लागतं, आणि घरून कधी फोन येईल याचा नेम नसतो.

सात हजार कुठे ठेवायचे

तिच्या हातात २२,००० यायचे. दोघींत खोली, तिचा वाटा ३,०००. मेस ३,५००. बस आणि मोबाइल १,५००. घरी ४,०००. बाकी किरकोळ ३,०००. उरले ७,०००.

याचे आम्ही दोन भाग केले. तीन हजारांची बारा महिन्यांची आरडी पगाराच्या बँकेत. ही तिची अडीअडचणीची गंगाजळी, कर्जाला लावायची नाही. पगार ७ तारखेला व्हायचा म्हणून आरडीची तारीख ८ ठेवली. उरलेले चार हजार गेवराईच्या शाखेतल्या जुन्या बचत खात्यात. कर्ज घेताना उघडलेलं खातं बहुतेकांकडे असतंच. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरी ठेवलं आणि फोनवरच्या पेमेंट ॲपमधून ते खातं काढून टाकलं. व्याज कमी मिळतं हे खरं, पण या पैशांचं काम एका वर्षात गेवराईच्याच शाखेत होणार होतं.

पोस्टाची आरडी या कामाला घेऊ नका. व्याज चांगलं असलं तरी ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बारा-तेरा टक्के व्याज देणाऱ्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या पाट्या तालुक्याच्या प्रत्येक चौकात लागलेल्या असायच्या. ठेवी परत मिळाव्यात म्हणून बंद शटरसमोर बसलेली म्हातारी माणसं बीड-संभाजीनगरकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. बँकेत, मग ती सहकारी बँक असली तरी, एका ठेवीदाराची पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्याने संरक्षित असते. पतसंस्थेतल्या आणि क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला हा विमा नाही. दहा टक्क्यांचं कर्ज आहे, मग बारा टक्क्यांची ठेव ठेवली की दोन टक्के सुटले, असा हिशोब कोणी समजावू लागलं तर उठून या. गंगाजळी ही अडचणीच्या दिवशी हातात येण्यासाठी असते. त्या दिवशी शटर बंद असेल तर व्याजाचा आकडा चाटायचा का?

भिशीचंही तेच. मैत्रिणींची भिशी हौसेला ठीक, पण आपला नंबर सातव्या महिन्यात आणि दवाखाना तिसऱ्यात, असं होतं.

आणि एक बचत तुमच्या नकळत चालू झालेली असते, ती पीएफची. मूळ पगार १५,००० असेल तर तुमचे १,८०० कापले जातात आणि कंपनीही तेवढेच भरते. कंपनीच्या हिश्शातले १,२५० पेन्शनकडे जातात, उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे महिना २,३५० रुपये साठतात. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. नोकरी बदलताना हे पैसे काढून कर्ज फेडायचा मोह अनेकांना होतो. मी दर वर्षी तसे अर्ज बघतो आणि दर वर्षी समजावतो की पीएफचा यूएएन क्रमांक तोच ठेवून जुनी रक्कम नव्या कंपनीकडे वळवून घ्या. घराजवळची नोकरी मिळाली म्हणून तिशीच्या आत तीनदा पीएफ काढलेला माणूस चाळिशीत पुन्हा शून्यावर उभा असतो.

जूनमध्ये काय करायचं

सवलत संपायच्या महिनाभर आधी शाखेत जा. फोनवर भागत नाही, रजा टाकावी लागली तरी जा. आतेबहीण मेअखेरीस एका शनिवारी गेवराईला गेली. शाखा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असते, हे बघून निघा.

बचत खात्यातले ४४,००० तिने जूनचा पगार झाल्यावर कर्जखात्यात वळवले आणि सोबत अर्ज दिला. मजकूर एवढाच:

"माझ्या शैक्षणिक कर्जखात्यात आज रु. ४४,००० भरले आहेत. ही रक्कम साठलेल्या व्याजापोटी जमा करावी व उरलेल्या बाकीवर मासिक हप्ता नव्याने ठरवून द्यावा. हप्त्याची तारीख दरमहा १० ठेवावी. परतफेडीचे नवे वेळापत्रक मिळावे."

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. हा अर्ज का हवा? कारण बऱ्याचदा हप्त्याचा आकडा कर्ज मंजूर झालं तेव्हाच संगणकात बसवलेला असतो. तुम्ही पैसे भरलेत तरी तो आपोआप बदलतोच असं नाही. बदलला नाही म्हणून नुकसान होत नाही, कर्ज लवकर संपतं. पण सुरुवातीच्या वर्षात हातात पाचशे रुपये जास्त उरणं मोलाचं असतं.

५,३६,६६७ मधून ४४,००० गेले, राहिले ४,९२,६६७. हप्ता ७,०९० वरून ६,५१० वर आला. महिन्याला ५८० कमी, म्हणजे दहा वर्षांत ६९,६०० रुपये. भरले होते ४४,०००.

शाखेत बहुधा विचारतील, "मुदत पंधरा वर्षं करून देऊ का? हप्ता कमी बसेल." हप्ता खरंच कमी बसतो, ४,९२,६६७ वर साधारण ५,३००. पण एकूण भरणा ७ लाख ८१ हजारांवरून साडेनऊ लाखांपुढे जातो. हातात येणारा पगार १६-१७ हजारच असेल आणि दहा वर्षांचा हप्ता झेपणारच नसेल, तर पंधरा घ्या, हप्ता चुकवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बदलत्या दराचं शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड लागत नाही. त्यामुळे पगार वाढला की जास्तीचे भरून मुदत आपली आपण कमी करता येते. पण झेपत असेल तर दहाच ठेवा, कारण 'नंतर जास्त भरू' हे नंतर राहून जातं.

तारीख, आणि वडिलांचं पीक कर्ज

तारीख १० ठेवण्यावर मी अडून बसलो त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता ५ तारखेला होता आणि पगार ७ ला. पहिल्याच महिन्यात खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. पगाराच्या बँकेने दंड लावला, कर्जाच्या बँकेनेही लावला. दुसऱ्या महिन्यात मी हप्त्याएवढे पैसे ठेवले, पण त्यातून आधी दंड वळता झाला आणि हप्ता पुन्हा अपुरा पडला. मला वाटत होतं, दोन-तीनशे रुपयांचा मामला आहे, पुढे बघू. बँकेचे निरोप गावाकडच्या जुन्या नंबरवर जात होते. तिसरा महिना मार्चचा होता.

एप्रिलमध्ये वडील पीक कर्जाचं नूतनीकरण करायला त्याच शाखेत गेले. त्यांनी स्वतःचं पीक कर्ज मार्चअखेरच्या आत, उसनवारी करून, वेळेवर भरलं होतं. काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं, "तुमच्या नावावर थकबाकी दिसते." थकबाकी माझी होती. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात, माझा चुकलेला हप्ता त्यांच्याही नावावर चुकलेला असतो आणि त्यांच्याही सिबिलमध्ये उतरतो. पेरणीच्या तोंडावर त्यांना दोन आठवडे हेलपाटे घालावे लागले. ते मला काहीच बोलले नाहीत. ते अजून आठवतं.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खात्यांत जमा होतं आणि मग ते सुधारायला फार त्रास पडतो. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर किमान तीन दिवसांनी ठेवा. कर्जखात्याला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडा. हप्ता परत गेला तर हप्ता आणि दंड दोन्ही मिळून भरा, आणि त्याच आठवड्यात भरा.

याच्या उलटही घडतं. घरात पैशांची ओढाताण असली की वडील म्हणतात, "पीक कर्जातून तुझा हप्ता भरतो." नको म्हणा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर राज्यात ते शून्य टक्क्याने पडतं. ते शेतात लागायचे पैसे आहेत. मार्चपर्यंत फिटले नाहीत तर ती सवलत जाते आणि मग सावकाराचं दार दिसू लागतं. घरात खाजगी सावकाराचं कर्ज आधीच असेल, तर शैक्षणिक कर्जाचा नियमित हप्ता तेवढा चालू ठेवून बाकी सगळी शिल्लक आधी तिकडे लावा. महिन्याला शेकडा तीन रुपये म्हणजे वर्षाला ३६ टक्के, त्याच्यापुढे दहा टक्क्यांचं बँकेचं कर्ज काहीच नाही.

सवलत संपत आली आणि नोकरीच लागली नाही, तर पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि मुदतवाढ मागा. शैक्षणिक कर्जाच्या नियमांत बेकारीच्या काळासाठी अशी सोय धरलेली आहे, पण ती मागावी लागते. खातं एनपीए झाल्यावर तोच शाखाधिकारी इच्छा असूनही फारसं करू शकत नाही.

हप्ता सुरू झाल्यावर

जुलैत तिचा पगार वाढून हातात २४,५०० येऊ लागले. पंधरा हजारांचा खर्च तोच ठेवला. पहिला हप्ता ६,५१० आणि आरडीचा शेवटचा तीन हजारांचा भरणा एकाच महिन्यात आले, त्या महिन्यात हातात काहीच उरलं नाही. ऑगस्टमध्ये आरडी पिकली, व्याजासकट ३७ हजारांच्या थोडे वर. त्याची मुदत ठेव केली. हे पैसे म्हणजे तिचे साडेपाच हप्ते, किंवा खर्च आणि हप्ता धरून पावणेदोन महिन्यांची सोय. किमान तीन महिन्यांची हवी, म्हणजे ६५,०००. म्हणून १,५०० ची नवी आरडी सुरू केली.

उरलेल्यातले हजार ती दरमहा हप्त्याच्या वर भरते. महिना हजार जास्त म्हणजे दहा वर्षांचं कर्ज आठ वर्षांत फिटतं आणि सुमारे ६५,००० रुपये वाचतात. पण इथेही एक चूक होते. जास्तीची रक्कम बँक कधी कधी 'पुढचा हप्ता आगाऊ भरला' अशी धरते. मग मुद्दल तिथल्या तिथे राहतं. 'ही रक्कम मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी' असं एकदा लेखी द्या आणि पुढचा उतारा तपासा. मुद्दलात हजार रुपये जमा झाले असतील तर पुढच्या महिन्याच्या व्याजात, नेहमीच्या हप्त्याने होते त्याशिवाय, आठ रुपयांची घट दिसते. मुदत कमी होण्याऐवजी हप्ताच कमी केलेला दिसला तर परत जाऊन बदलून घ्या.

कंपनीतली पोरं विचारतात, कर्जात जास्तीचे भरण्यापेक्षा एसआयपी का नको? माझं मत असं: कर्जात भरलेल्या प्रत्येक रुपयावर दहा टक्के नक्की वाचतात, बाजारात तेवढे नक्की मिळतील असं कोणी सांगू शकत नाही. तुमचं कर्ज साडेआठ टक्क्यांच्या आसपास असेल आणि तीन महिन्यांची गंगाजळी झाली असेल, तर पाचशे-हजाराची एसआयपी सुरू करायला माझी हरकत नाही. गंगाजळी नसताना सुरू केलेली एसआयपी मात्र पहिल्या अडचणीत, पडत्या बाजारात मोडली जाते, हे मी जवळून पाहिलं आहे.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, तिला ८०ई ची सूट म्हणतात. ती फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. महिना पंचवीस-तीस हजार कमावणाऱ्याने त्या सुटीसाठी कर्ज लांबवायचं काही कारण नाही.

परवा आतेबहीण नवा उतारा घेऊन आली होती. व्याजाची नोंद आधीच्या महिन्याच्या तुलनेत जेवढी उतरायला हवी होती तेवढी उतरली नव्हती. बघितलं तर मागच्या महिन्याचे हजार रुपये आगाऊ हप्त्यात धरले होते. तिने तिथेच बसून शाखेला ईमेल लिहिला, अर्जाच्या शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो जोडला, आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सोडून पुढच्या शनिवारी गेवराईला जायचं ठरवलं.